ओटीटी सबस्क्रिप्शन आलटून-पालटून कशी घ्यायची? आमच्या घरचा वर्षभराचा हिशोब

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि घरखर्चाच्या जॉइंट खात्याचं स्टेटमेंट पहिल्यांदाच ओळ न् ओळ वाचत बसले होते. मध्येच त्यांनी विचारलं, "हे ३९९ कसले रे दर महिन्याला?" मला खरंच आठवेना. शोधल्यावर कळलं की मे २०२४ मध्ये एका वेब सिरीजसाठी मी एक ओटीटी अ‍ॅप घेतलं होतं, दोन वीकेंडमध्ये सिरीज संपवली आणि विसरून गेलो. तेव्हापासून दहा वेळा पैसे कापले गेले होते, म्हणजे ३,९९० रुपये. त्यातला पहिला महिना सोडला तर बाकी सगळे वाया. अ‍ॅपचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक माझीच होती. ऑटो-पे मीच चालू केला होता.

दिवसभर ऑफिसात कोड लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या खात्यातून काय जातंय ते माहीत नाही, याची लाज वाटली. त्या रविवारी बाबांसोबत बसून सगळं कागदावर मांडलं. घरात आम्ही चौघं: आई, बाबा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली बहीण आणि मी. बाबांचा पगार थांबलेला, बहिणीची फी आणि फ्लॅटचा हप्ता चालू. त्या दिवशी मनोरंजनाची यादी अशी निघाली.

नेटफ्लिक्स प्रीमियम, महिना ६४९. अ‍ॅमेझॉन प्राइम, वर्षाचे १,४९९. डिस्ने+ हॉटस्टार, वर्षाचे १,४९९ (त्याच महिन्यात ते जिओहॉटस्टार झालं). ते विसरलेलं अ‍ॅप, महिना ३९९. आणि बहिणीच्या फोनवर प्ले स्टोअरमधून घेतलेलं एक छोटं अ‍ॅप, महिना ९९. वर्षाचे १६,७६२ रुपये. महिन्याला जवळपास चौदाशे. या लेखातले सगळे भाव २०२५ मध्ये आम्ही भरलेले आहेत. तुम्ही प्लॅन घ्याल तेव्हा अ‍ॅपमधला ताजा भाव बघूनच पुढची गणितं करा.

मार्च २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या वर्षात आम्ही एक पद्धत पाळली: एखादं अ‍ॅप कायमचं ठेवायचं, बाकीची गरजेप्रमाणे एकेक महिना घ्यायची आणि सोडायची. ती कशी जमली आणि कुठे फसली, ते सांगतो.

आधी शोधा, मग फिरवा

पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच सापडतात. सबस्क्रिप्शन कुठून घेतलंय यावर ते कुठे दिसेल आणि कुठून बंद होईल हे ठरतं. साधारण चार दारं असतात.

पहिलं दार म्हणजे प्ले स्टोअर. तिथे वर उजवीकडे प्रोफाइल फोटोवर टॅप करून `Payments & subscriptions` आणि मग `Subscriptions` उघडा. आयफोनवर `Settings` मध्ये सगळ्यात वर स्वतःच्या नावावर टॅप केलं की `Subscriptions` दिसतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: प्ले स्टोअरमधून घेतलेल्या अ‍ॅपचे पैसे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बऱ्याचदा नुसत्या 'गूगल प्ले' नावाने दिसतात, अ‍ॅपचं नाव नसतं. बहिणीचे ९९ रुपये म्हणूनच कुणाच्या डोळ्यावर आले नव्हते. आणि घरात चार फोन असतील तर चारही फोनवर बघावं लागतं, कारण ही यादी त्या-त्या गूगल अकाउंटची असते.

दुसरं दार यूपीआय ऑटो-पे. तुमच्या यूपीआय अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये `Autopay` नावाचा विभाग असतो, तिथे चालू असलेली सगळी मॅन्डेट दिसतात. मॅन्डेट म्हणजे "या कंपनीला ठरावीक काळाने माझ्या खात्यातून पैसे घेऊ द्या" अशी तुम्ही पिन टाकून दिलेली परवानगी. त्यात एक कमाल रक्कमही लिहिलेली असते. ती प्लॅनच्या किमतीपेक्षा मोठी असू शकते, म्हणून पिन टाकण्याआधी ती ओळ वाचा.

तिसरं दार कार्ड. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. ऑटो-पेचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला मेसेज किंवा ईमेल यायलाच हवा. त्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि तिथूनच नकार देण्याची सोयही असते. मला दहाही महिने हे मेसेज आलेले होते. इनबॉक्समध्ये ऑफरांच्या ढिगाखाली एकही न वाचलेला! नियम आपल्याला वाचवायला आहे, पण मेसेज वाचणार कोण? १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही, त्यामुळे ओटीटीचे पैसे कधीच अडून विचारत नाहीत.

चौथं दार मोबाईल रिचार्ज आणि ब्रॉडबँड. तुमच्या रिचार्जमध्ये जिओहॉटस्टार किंवा घरच्या फायबर प्लॅनमध्ये आणखी काही आधीच मिळत असेल, तर तेच वेगळे पैसे देऊन घेऊ नका. मात्र रिचार्जसोबत मिळणारं सबस्क्रिप्शन पुष्कळदा मोबाईल प्लॅनचं असतं. ते फोनवर चालतं, टीव्हीवर नाही. बंडल खरंच 'फुकट' आहे का हे बघायचं असेल तर त्याच स्पीडचा ओटीटी नसलेला प्लॅन शोधा आणि दोघांतला फरक काढा. तो फरक हीच त्या ओटीटीची खरी किंमत. आणि तो तुम्ही महिनाभरासाठी थांबवू शकत नाही, म्हणून वर्षाचा धरायचा.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: गेल्या तीस दिवसांत घरातल्या कुणी हे उघडलं का? आमच्या यादीतल्या दोन ओळी तिथेच गळाल्या.

एक इशारा. अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं नाही. बहिणीने ते ९९ वालं अ‍ॅप चार महिन्यांपूर्वीच उडवलं होतं. "अगं, पण पैसे चालूच आहेत," असं म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. अ‍ॅप ही फक्त खिडकी आहे, करार सर्व्हरवर असतो. तसंच, यूपीआयमधून नुसतं मॅन्डेट रद्द केलं तर पैसे जाणं थांबतं, पण अ‍ॅपच्या लेखी तुमचं सबस्क्रिप्शन चालूच राहतं. ते पैसे मागत राहतं, अकाउंट थांबवून ठेवतं, मेल पाठवत राहतं. म्हणून आधी जिथून घेतलं तिथे सबस्क्रिप्शन रद्द करायचं आणि मग मॅन्डेट खरंच गेलंय का ते बघायचं.

कोणतं फिरवायचं, कोणतं नाही

इथे सगळ्यांचा घोळ होतो. 'दर महिन्याला बदलायचं' म्हटलं की लोक सगळीच अ‍ॅप महिन्यावर आणतात. पण प्रत्येकाचे भाव वेगळ्या पद्धतीने लावलेले असतात. काहींचा वार्षिक प्लॅन इतका स्वस्त ठेवलेला असतो की तुम्ही सोडून जाऊच नये. म्हणून प्रत्येक अ‍ॅपसाठी एक आकडा काढायचा: वार्षिक भाव भागिले मासिक भाव. तितक्या महिन्यांपेक्षा जास्त वापर असेल तर वार्षिक परवडतं, कमी असेल तर महिन्याचं.

प्राइमचं उदाहरण घेऊ. महिना २९९, तीन महिने ५९९, वर्ष १,४९९. शीटमध्ये असं टाका:

```
=1499/299
```

उत्तर ५.०१. म्हणजे पाच महिने सुटे घेतले तर १,४९५, वर्षाच्या भावाएवढेच. यावरून वाटतं की पाच महिन्यांच्या पुढे वार्षिकच घ्यावं. पण मध्ये तीन महिन्यांचा प्लॅन आहे, तो विसरू नका. दोनदा तीन महिने म्हणजे १,१९८ आणि वर एक सुटा महिना २९९, एकूण सात महिने १,४९७ मध्ये. आठव्या महिन्याला मात्र वार्षिक स्वस्त. म्हणजे खरी सीमा पाच नाही, सात आहे. अट एवढीच की तुमचं बघणं सलग तीन-तीन महिन्यांत बसायला हवं.

आमच्याकडे आई बारा महिने काही ना काही मागवते आणि डिलिव्हरीचे पैसे वाचतात, म्हणून प्राइम वार्षिकच ठेवलं. हे आमचं 'पक्कं' अ‍ॅप. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या. त्या घालवायच्या तर महिना १२९ किंवा वर्ष ६९९ वेगळे. आम्ही ते घेतलं नाही. आई म्हणाली, "जाहिरात लागली की कुकर बंद करून येते."

जिओहॉटस्टारचं गणित वेगळं. सुपर प्लॅन तीन महिने २९९, वर्ष ८९९. तीनदा तीन महिने घेतले तर ८९७. म्हणजे नऊ महिन्यांपर्यंत वार्षिक घेऊन एक रुपयासुद्धा वाचत नाही! वर्षभर लागणार असेल तरच वार्षिक. बाबांना हवं होतं आयपीएल. ती मार्चअखेर ते मेअखेर चालते, एका तिमाहीत बसते. सुपरमध्ये एका वेळी दोन स्क्रीन आणि जाहिराती. प्रीमियममध्ये चार स्क्रीन. मॅचमध्ये जाहिराती तशाही येतातच, त्यामुळे प्रीमियमचं कारण उरलं नाही.

नेटफ्लिक्सला भारतात वार्षिक प्लॅनच नाही. सलग बारा महिने घेतलं तरी सवलत शून्य. म्हणून फिरवण्यासाठी ते सगळ्यात सोयीचं: सोडून गेल्याने काहीच गमवावं लागत नाही. शिवाय ते बहुतेक सिरीजचे सगळे भाग एकदम टाकतं, त्यामुळे एका महिन्यात चार महिन्यांचा साठा बघून होतो. प्लॅन निवडताना टीव्ही बघा. आमचा ४३ इंची टीव्ही फुल एचडी आहे. ६४९ चा प्रीमियम ४के साठी असतो, ते आमच्या टीव्हीवर दिसणारच नाही. ४९९ च्या स्टँडर्डमध्ये फुल एचडी आणि दोन स्क्रीन मिळतात. फक्त फोनवर बघणारे असाल तर १४९ चा मोबाईल प्लॅन पुरतो. म्हणजे आम्ही कितीतरी महिने दरमहा दीडशे रुपये न दिसणाऱ्या पिक्सेलसाठी देत होतो.

घ्या आणि त्याच दिवशी रद्द करा

पूर्ण पद्धतीचा कणा हाच आहे. नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपवर पैसे भरल्यावर लगेच रद्द केलं तरी भरलेला महिना संपेपर्यंत सगळं चालतं. म्हणून 'महिना संपायच्या आदल्या दिवशी रद्द करू' असं ठरवूच नका, ते होत नाही. आम्ही अ‍ॅप घेतो, पहिला एपिसोड लावायच्या आधी `Cancel` करतो, आणि स्क्रीनवर 'अमुक तारखेपर्यंत चालू' अशी ओळ येते तिचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकतो. आता सगळ्यांना शेवटची तारीख माहीत. बहीण म्हणते, परीक्षेच्या टाइमटेबलसारखं वाटतं.

प्राइम मासिक घेत असाल तर तिथेही ऑटो-रिन्यू बंद करता येतं, पण रद्द करताना 'आत्ताच संपवा' आणि 'मुदत संपल्यावर थांबवा' असे पर्याय समोर येऊ शकतात. दुसरा निवडा. आणि मोफत ट्रायलला हा नियम लावू नका. अ‍ॅपलच्या स्वतःच्या सेवांची ट्रायल रद्द केली की ती त्याच क्षणी बंद होते. तिथे कॅलेंडरमध्ये एक दिवस आधीची आठवण लावणं एवढाच उपाय.

सोडताना दोन गोष्टी जातात. डाउनलोड केलेले एपिसोड मुदत संपल्यावर चालत नाहीत, म्हणून प्रवासासाठी साठवून ठेवायचा विचार सोडा. दुसरं, नेटफ्लिक्स तुमची प्रोफाइल, यादी आणि 'कुठपर्यंत बघितलं' हे रद्द झाल्यानंतर १० महिने जपून ठेवतं. त्याआधी परत आलात तर जिथे सोडलं तिथून सुरू. आमची सुट्टी दोन-तीन महिन्यांचीच असते, त्यामुळे काही हरवलं नाही.

तारीख निवडणं: सगळा फायदा इथे आहे

नवीन सिरीज आली की त्याच दिवशी अ‍ॅप घेणं ही सगळ्यात महाग सवय. अ‍ॅपवाल्यांनाही आता कळलंय की लोक एका महिन्यात बघून पळतात. म्हणून मोठ्या सिरीजचे तुकडे करून टाकतात, म्हणजे तुम्ही दोन-तीन महिने थांबाल. पण त्या तारखा आधीच जाहीर होतात. तेच आपलं हत्यार.

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पाचवा सीझन घ्या. भारतात पहिला भाग २७ नोव्हेंबर २०२५ ला सकाळी आला, दुसरा २६ डिसेंबरला आणि शेवटचा एपिसोड १ जानेवारी २०२६ ला. ज्यांनी २७ नोव्हेंबरलाच नेटफ्लिक्स घेतलं त्यांचा महिना २६ डिसेंबरच्या आसपास संपला. दुसरा भाग कसाबसा मिळाला, शेवटासाठी पुन्हा पैसे. म्हणजे दोन महिने, ९९८ रुपये. आम्ही ५ डिसेंबरला घेतलं. तो महिना ४ जानेवारीपर्यंत चालला. तिन्ही तुकडे एका ४९९ मध्ये. वर १३ नोव्हेंबरला आलेला 'दिल्ली क्राइम'चा तिसरा सीझनही तोपर्यंत तिथे होताच, तो आई-बाबांनी बघितला. आम्हाला फक्त आठ दिवस स्पॉयलरपासून लपून राहावं लागलं.

सप्टेंबरलाही असंच. 'वेन्सडे'चा दुसरा सीझन दोन तुकड्यांत आला, ६ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर. आम्ही ३ सप्टेंबरला घेतलं, दोन्ही भाग सलग बघितले आणि १८ सप्टेंबरला आलेली आर्यन खानची सिरीज त्याच महिन्यात पडली.

नियम असा करा: शेवटचा भाग ज्या तारखेला येणार त्या तारखेपासून मागे मोजा. तुकड्यांमधलं अंतर तीस दिवसांपेक्षा कमी असेल तर ते सगळे एका महिन्यात बसवा, जास्त असेल तर शेवटच्या भागाच्या दिवशीच घ्या. दर आठवड्याला एक एपिसोड येणाऱ्या सिरीजलाही हेच. सुरुवातीला घेतलं तर दोन महिने, शेवटी घेतलं तर एक.

सिनेमांसाठी वेगळी खूण आहे. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांमध्ये लागणारे हिंदी सिनेमे साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात. आणि कोणत्या अ‍ॅपवर येणार ते सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांमध्ये किंवा पोस्टरवर 'स्ट्रीमिंग पार्टनर' म्हणून पुष्कळदा लिहिलेलं असतं. थिएटरात गेलात तर ते वाचा आणि घरच्यांसाठी वहीत आठ आठवडे पुढची नोंद करून ठेवा.

आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. ज्याला जे बघायचं ते त्याने त्या अ‍ॅपच्या नावाखाली लिहायचं. एखाद्या नावाखाली तीन गोष्टी जमल्या की ते अ‍ॅप घ्यायचं. एकासाठी घ्यायचं नाही. हा नियम बहिणीने बनवला आणि तीच पहिल्यांदा मोडायला आली.

कुठे फसलो

एप्रिलमध्ये. मार्चच्या मध्याला नेटफ्लिक्सवर 'अ‍ॅडोलसन्स' आली. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही, बहिणीच्या ग्रुपमध्येही तेच. कागदावर एकच नाव होतं, तरी घेतलं. जिओहॉटस्टार चालू असताना वर ४९९. चार एपिसोड. सिरीज चांगलीच होती, तक्रार नाही. पण हीच सिरीज जूनच्या महिन्यात बसली असती. ठरवलेल्या चार नेटफ्लिक्स महिन्यांचे पाच झाले ते यामुळे.

दुसरी गडबड क्रिकेटची. जिओहॉटस्टारचे तीन महिने २० मार्चला सुरू केले, आयपीएल २२ ला होती. मे महिन्यात स्पर्धा आठवडाभर थांबली आणि फायनल २५ मेवरून ३ जूनला गेली. आमची मुदत लांब होती म्हणून निभावलं. महिन्या-महिन्याने घेतलं असतं तर जास्तीचा महिना लागला असता. लाइव्ह खेळांना मुदत नेहमी दोन आठवडे सैल ठेवा. त्याच तिमाहीत बहिणीने 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा सीझनही आठवड्याला एक असा बघून टाकला.

पण १९ जूनला मुदत संपली आणि २० जूनला लीड्सला इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका सुरू झाली! बाबा माझ्याकडे असे बघत होते की मीच वेळापत्रक बनवलंय. पाच कसोट्या, ऑगस्टपर्यंत. आणखी २९९ भरायला निघालो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की टीव्हीवर ती सोनी स्पोर्ट्सवर आहे आणि तो चॅनल आमच्या डीटीएचमध्ये आहे. मालिका मग बाबांनी तिथेच बघितली.

आईच्या स्टार प्रवाहवरच्या सिरीयलचंही तसंच. रोजची सिरीयल फिरवता येत नाही, महिनाभर थांबून ती कुणी बघत नाही. ती डीटीएचवर रात्री लागते. एखादा भाग चुकला तर शेजारच्या काकू सांगतात, तेही जास्त रंगवून. घरात लहान मूल असेल आणि त्याला रोज तेच कार्टून लागत असेल तर ते अ‍ॅपही फिरवायच्या यादीत घालू नका. ते पक्क्यात घाला आणि तिथे वार्षिक बघा.

वर्षाअखेरचा हिशोब

ठरवलं होतं ते असं: प्राइम वार्षिक १,४९९, जिओहॉटस्टार एक तिमाही २९९, नेटफ्लिक्स स्टँडर्ड चार महिने १,९९६, आणि ते ३९९ वालं अ‍ॅप दोन महिने ७९८. एकूण ४,५९२. एप्रिलचे ४९९ धरून प्रत्यक्षात ५,०९१. आधीच्या १६,७६२ च्या तुलनेत ११,६७१ कमी.

हा आकडा मित्रांना सांगितला की ते म्हणतात, फिरवल्याने एवढे वाचतात? तर नाही. विसरलेल्या दोन अ‍ॅपचे मिळून ५,१७८ रुपये. ते नुसती यादी केली तरी वाचले असते. नेटफ्लिक्सचा प्लॅन टीव्हीला साजेसा केल्याचे १,८००. हॉटस्टार वर्षावरून तिमाहीवर आणल्याचे १,२००. आणि खऱ्या अर्थाने फिरवल्याचे, म्हणजे नेटफ्लिक्स बारा महिन्यांऐवजी पाच महिने घेतल्याचे, ३,४९३. त्यामुळे तुम्हाला महिन्या-महिन्याची कटकट नको असेल, तर निदान पहिल्या दोन पायऱ्या करा. एका रविवारचं काम आहे आणि निम्म्याहून जास्त पैसे तिथेच आहेत.

ऑक्टोबर आणि जानेवारीत आमच्याकडे प्राइम सोडून काहीच नव्हतं. ऑक्टोबरात दिवाळी होती, पाहुणे होते, कुणाला आठवणही आली नाही. जानेवारीत बहीण दोनदा कुरकुरली. फ्रिजवरच्या कागदावर सध्या नेटफ्लिक्सखाली दोन नावं आहेत आणि मार्चची आयपीएल जवळ आलीय, म्हणून बाबांनी या वेळी इंग्लंड दौऱ्याचं वेळापत्रक आधीच शोधून कागदाला टाचणीने लावून ठेवलंय.